ब्रिज बसत नाहीये, दुसऱ्या कोरसनंतर गाणं सपाट होतं

अर्धासूर

नमस्कार मंडळी. एका गाण्यात अडकलोय, मदत हवी आहे.

आमच्या बँडचं नवं मराठी गाणं आहे. शब्द, चाल दोन्ही माझं. रचना मुखडा-अंतऱ्याची नाही, इंग्रजी गाण्यांसारखी आहे. टेम्पो ९६, चार-चारचा ठेका, सा पांढरी पाच, म्हणजे गिटारवर जी मेजर. सुरुवातीला ८ बार गिटार, मग १६ बारचा व्हर्स, ८ बारचा कोरस, ८ बार म्युझिक, पुन्हा १६ बार व्हर्स, ८ बार कोरस, ८ बार ब्रिज आणि शेवटी कोरस दोनदा. ९६ला एक बार अडीच सेकंदांचा होतो, म्हणजे सगळं मिळून ३ मिनिटं ४० सेकंद. लांबी काही जास्त नाही.

डेमो ऐकवला की पहिल्या कोरसला माना डोलतात. दुसऱ्या कोरसनंतर तेच लोक मोबाइल काढतात. ब्रिजमध्ये मी आवाज तार रिषभापर्यंत नेलाय, ड्रम्सही पूर्ण ताकदीने आहेत, तरी काही घडत नाही. वर माझा आवाज तिथे फाटतो ते वेगळंच.

ब्रिजमध्ये नक्की काय करायचं असतं?

सुतारपक्षी

कुठल्या कंपनीची गिटार आहे? ब्रिज नीट बसला नसेल तर मागच्या बाजूने उचलला जातो, पावसाळ्यात हमखास. तारा ताबडतोब सैल करा. ब्रिज आणि टॉप यांच्यामध्ये कागद सरकतोय का बघा. सरकत असेल तर घरी फेविकॉल लावत बसू नका, कारागिराकडे न्या. तो ब्रिज पूर्ण काढून, जुना गोंद खरवडून, क्लॅम्पमध्ये ठेवतो.

अर्धासूर

दादा, गिटार ठणठणीत आहे. गाण्याचा ब्रिज म्हणतोय. :)

सुतारपक्षी

अरेच्चा. बरं. तरी कागद सरकवून बघाच.

उडतीचाल

सोपं आहे रे. जिना असतो. व्हर्स खाली, कोरस त्याच्या वर, ब्रिज कोरसच्याही वर. आणि ब्रिज संपला की शेवटचा कोरस स्केल चढवून घ्यायचा, अर्धा किंवा एक सूर. पब्लिक जागं होतंच होतं. आमच्या ऑर्केस्ट्रात शेवटच्या मुखड्याला कायम चढवतो आणि टाळ्या तिथेच पडतात.

पेटीमास्तर

उडतीचाल, तुमचा पहिला अर्धा जिना बरोबर आहे, पुढच्या अर्ध्यावर या माणसाचा घसा फाटतोय. त्याचा मुक्काम आधीच तार षड्जावर असेल तर एक सूर चढवल्यावर शेवटचा कोरस तार रिषभावर जाईल. जिथे आत्ता एकदा फाटतो तिथे मग दर ओळीला फाटेल.

अर्धासूर, ब्रिज थोडा वेळ बाजूला ठेवा. मला तीन गोष्टी सांगा. व्हर्सची एक ओळ सरगममध्ये लिहा, कोरसची एक लिहा. कॉर्ड कोणत्या कुठे ते लिहा. आणि शब्दांची पहिली ओळ बारच्या कुठल्या मात्रेवर सुरू होते ते सांगा, दोन्हीकडे. मला शंका आहे की दुखणं दुसऱ्या कोरसच्या बरंच आधी सुरू झालंय.

अर्धासूर

व्हर्सची ओळ चार बारची आहे. शब्द, 'खिडकीपाशी अजून तुझा कप तसाच आहे'. सूर साधारण प ध सां, नी ध प, म ग. चारही ओळींना हीच चाल.

कोरस, 'ये ना, ये ना, दार उघडं आहे / ये ना, ये ना, दिवा लावला आहे'. सूर प सां, प सां, नी ध प ध.

कॉर्ड सगळीकडे एकच चक्र, जी, डी, ई मायनर, सी. एका बारला एक. ब्रिजलाही तेच, फक्त जोरात.

ओळी सगळ्या पहिल्या मात्रेवरच सुरू होतात. हे मला आत्ता लिहिताना दिसलं.

पेटीमास्तर

मग आता मोजू. व्हर्समध्ये चार ओळी, चारही ओळींची चाल एक. म्हणजे पहिला कोरस येईपर्यंत श्रोत्याने ती चाल चार वेळा ऐकली, दुसऱ्या व्हर्सच्या शेवटी आठ वेळा. प्रत्येक वेळी ती तार सा ला शिवून खाली येते. मग कोरस येतो तोही तार सा वर. कोरसचं जे सर्वात उंच ठिकाण, तिथे तुम्ही पहिल्याच ओळीच्या दुसऱ्या बारला जाऊन आलात. कोरसला नवीन दाखवायला काही उरलंच नाही. सुरुवात तीच प वरून, समेवरून, जी कॉर्डवरून. श्रोत्याच्या कानाला हे दोन भाग नाहीतच, एकच भाग आहे जो मध्ये थोडा मोठ्याने वाजतो.

टेबलावर करून बघा. व्हर्सचे शब्द मनात म्हणत बोटांनी फक्त त्यांचा ठेका वाजवा. मग कोरसचा वाजवा. समोरच्याला कुठला कोणता ते ओळखता आलं नाही तर सूर बदलून फारसा फायदा नाही, आधी लय बदलावी लागेल. दुसरी चाचणी, शब्दांशिवाय 'ला ला' करत प्रत्येक भागाचे पहिले दोन बार गुणगुणा. तिथेही ओळखू आलं नाही तर सुरांतही फरक नाही.

आणि हे तुमच्याकडून का झालं असावं त्याचा माझा एक अंदाज. आपल्या कानावर स्थायी-अंतरा आहे. ख्याल घ्या, नाट्यगीत घ्या, सिनेमातलं गाणं घ्या, मुखडा मध्य सप्तकात घर करतो आणि अंतरा उठून तार षड्जाकडे जातो. मग क्रॉस लाइन त्याला हात धरून खाली मुखड्याकडे आणते. म्हणजे आपल्याकडे चढण अंतऱ्यात आहे. इंग्रजी पॉपमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं, व्हर्स बोलण्याच्या पट्टीत, खाली, आणि चढण कोरसमध्ये. तुमचा व्हर्स हा चांगला अंतरा आहे. कोरस हा पॉपमधला कोरस आहे. दोघांनाही डोंगरमाथा हवाय.

मंदार_शिकागो

पेटीमास्तर, हे अंतऱ्याचं निदान आवडलं. मग एक सोपा मार्गही निघतो. गाणं कोरसनेच सुरू करायचं. तो मुखडा झाला, व्हर्स अंतरा झाला, ब्रिजची गरजच संपली. बीटल्सचं १९६४ चं 'कान्ट बाय मी लव्ह' कोरसच्या ओळीनेच सुरू होतं, आणि ती सूचना निर्माते जॉर्ज मार्टिन यांची होती. म्हणजे तिकडेही हे चालतं.

ब्रिजबद्दल मात्र माझा एक लाडका दाखला आहे. हॅरोल्ड आर्लेन यांचं १९३९ चं 'ओव्हर द रेनबो'. ३२ बार, आठ-आठचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा यांची चाल एक, तिसरा ब्रिज. पहिल्या तुकड्याची सुरुवात आठवा, सा वरून थेट तार सा, एका झेपेत पूर्ण सप्तक, आणि दोन्ही सूर लांब. मग नी प ध नी सां. एवढी मोठी उडी पहिल्याच शब्दात मारल्यावर ब्रिजमध्ये आणखी वर कुठे जाणार?

आर्लेन लगेच वर जातच नाही. ब्रिज सुरू होतो ग प ग प ग प ग प. दोनच सूर, छोटे छोटे, लहान मूल झोपाळ्यावर पुटपुटतंय असे. मग तेच म प म प. बराच वेळ तुम्हाला असं अरुंद जागेत बसवून ठेवल्यावर ती सप्तकाची उडी परत येते. पहिल्या दोन वेळी ऐकलेलीच उडी, एक सूरही बदललेला नाही, पण तिसऱ्यांदा ती सगळ्यात मोठी वाटते.

अर्धासूर

थांबा, म्हणजे ब्रिज खाली न्यायचा? मी आत्तापर्यंत ब्रिज म्हणजे गाण्याचा कळस समजत होतो.

पेटीमास्तर

कळस असणारेही ब्रिज आहेत, नाहीत असं नाही. पण ज्या गाण्याचा कोरसच उंच आहे तिथे ब्रिजला कळस करायला गेलं की कोरस परत येतो तेव्हा उतरल्यासारखा वाटतो. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय. ब्रिजमध्ये तार रे, लगेच कोरसमध्ये तार सा. शेवटचे दोन्ही कोरस सगळे एक पायरी खालीच.

ब्रिज करताना मी स्वतःला विचारतो की कोरस परत येईल तेव्हा त्यात काय नवं ऐकू यावं. तुमच्या कोरसची ओळख म्हणजे प ते सां ची झेप, लांब 'ये ना', आणि जी कॉर्ड. मग ब्रिजमध्ये या तिन्ही गोष्टी वर्ज्य करा. झेप नको, लांब सूर नको, आणि आठ बार जी कॉर्डचं तोंड बघायचं नाही.

शेवटचं फार कामाचं आहे. जी हे घर. तुमच्या गाण्यात ८८ बार आहेत आणि दर चौथ्या बारला तुम्ही घरी येता, म्हणजे बावीस वेळा. इतक्यांदा घरी आलेल्या माणसाला घराची ओढ कशी लागेल? ब्रिज ई मायनरवर सुरू करा, दोन बार. मग ए मायनर दोन बार, सी दोन बार, आणि डी दोन बार. डीवर आल्यावर कान आपोआप जी मागतो.

उडतीचाल

मास्तर, हे सगळं घरी हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी ठीक. स्टेजवर ब्रिजला आवाज खाली नेला की पब्लिक वडापाव घ्यायला जातं. मी स्वतः बघितलंय.

पेटीमास्तर

वाद्यं कमी करा असं मी म्हटलेलं नाही, सूर खाली न्या म्हटलं. बास आणि किक चालू राहू देत, गाणारा खालच्या पट्टीत ठासून शब्द टाकेल. पण स्टेजचं गणित वेगळं हे मान्य. तिथे स्केल चढवल्यावर टाळ्या पडतात, हेही खरं.

मोगरा_६४

मला एक विचारायचं आहे, विषयाला सोडून असेल तर माफ करा. आमचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी आम्ही बायका जमतो. आमच्या एका अभंगाची चरणं चिक्कार आहेत आणि सगळ्यांना एकच चाल. कोरस नाही, ब्रिज नाही, कॉर्ड तर नाहीतच. आम्हाला कधीच कंटाळा येत नाही. उलट शेवटी शेवटी जास्त रंगतो. मग एकच चाल आठ वेळा आली म्हणून याच्या गाण्याचा दोष कसा?

मंदार_शिकागो

काकू, विषयाला धरूनच आहे. तुमच्याकडे ऐकणारा कोणी नाही, सगळे गाणारे आहेत. गाणाऱ्याला तीच चाल परत हवी असते, त्याशिवाय त्याला सामील होता येत नाही.

पेटीमास्तर

तेवढंच नसावं. मोगराताई, तुम्ही शेवटचं चरण पहिल्याच लयीत म्हणता का? बहुधा नाही. लय चढत जाते, टाळ दुप्पट होतात, ध्रुवपद दर वेळी कोणीतरी वेगळ्या जागेवरून उचलतं, मध्येच एखादी बाई वरचा सूर लावते. कागदावर चाल एक, प्रत्यक्षात दर चरण वेगळं. याचा डेमो क्लिकवर रेकॉर्ड झालाय, ९६ला सुरू आणि ९६ला बंद. दुसरा व्हर्स पहिल्याची हुबेहूब प्रत. तुमचा गुरुवार त्यात नाही.

मोगरा_६४

लय चढते हे खरं. पण आमच्या मंडळात एक आजी आहेत, त्या अजिबात लय चढवू देत नाहीत, त्यांच्या आठवड्यातही रंगतोच. त्यामुळे तुमचं उत्तर मला पूर्ण पटलेलं नाही. असो.

रेवा_ओळी

मी गाणी लिहिते, चाली लावत नाही, त्यामुळे शब्दांच्या बाजूने.

एक, व्हर्सची ओळ 'आहे'वर संपते. कोरसची ओळही 'आहे'वर संपते. चार ओळी 'आहे' ऐकल्यावर कोरसमध्ये पुन्हा 'आहे, आहे'. यमकाने कोरस आधीच येऊन गेलाय. व्हर्समध्ये 'कप तसाच पडून' कर, पुढची ओळ 'पाऊस आत येतो थोडा, गजांमधून' अशी काहीतरी. 'आहे' कोरससाठी राखून ठेव.

दोन, ब्रिजचे शब्द टाक ना इथे. मला वाटतंय तेही त्याच वजनात असणार.

अर्धासूर

हसू नका. 'आठवणींच्या गावामधुनी वाट तुझी मी पाहत राहतो, सरत्या रात्री चांदण्यातुनी तुझेच गाणे गात राहतो.'

रेवा_ओळी

हसले नाही, पण घरात एक कप आहे, एक उघडं दार आहे, इतकं नेमकं गाणं आणि ब्रिजला अचानक आठवणींचं गाव कुठून आलं? आणि वजन बघ. चार-चारच्या गटात लांबलचक ओळ, व्हर्सचीच जुळी बहीण. हे शब्द हातात दिल्यावर कुठलाही चालवाला व्हर्सचीच चाल लावेल. मंदारने सांगितलेले दोन सूर यावर बसणारच नाहीत.

ब्रिजला आखूड ओळी दे. आणि तोपर्यंत गाण्यात जे बोललं गेलं नाही ते बोल. कोरस म्हणतो दार उघडं आहे. मग मला प्रश्न पडतो, का उघडं आहे, लोक काय म्हणतात? असं काहीसं:

कुलूप नाही,
कडी नाही,
शेजारी विचारतात,
काय सांगू?

आणि यानंतर 'ये ना, ये ना, दार उघडं आहे' म्हणून बघ. त्याच ओळीचा अर्थ सरकतो. पहिल्या दोन वेळी ते आमंत्रण होतं. आता जरा वेड्यासारखं वाटतं.

पेटीमास्तर

वा. 'काय सांगू' हा प्रश्न आहे आणि डी कॉर्डही प्रश्नच आहे. छान जुळलं.

चार ओळी, चार कॉर्ड, प्रत्येकी दोन बार. ई मायनरवर सा ग सा ग. ए मायनरवर रे म रे म. सीवर तिसरी ओळ एकाच म वर, सगळी अक्षरं सपाट, कोणीतरी जिन्यात उभं राहून कुजबुजतंय तशी. डीवर 'काय सांगू' रे वर आणि तिथेच सोडून द्या. रे हा डी कॉर्डमधलाच सूर, पण सा च्या शेजारचा, म्हणून लटकत राहतो. प्रत्येक ओळ समेच्या अर्धी मात्रा नंतर सुरू करा. म्हणजे ओळ कुठून आली ते कानाला पटकन कळत नाही, आणि परत येणारा कोरस समेवर पडला की पाय जमिनीला लागतात.

आता व्हर्स. तो खाली आणावा लागेल. मंद्र प ते मध्य प, चौथ्या ओळीआधी याबाहेर जायचं नाही. ओळीची सुरुवात समेवर नको, एक मात्रा सोडून. पहिल्या दोन ओळींची चाल एक ठेवा, ओळख व्हायला तेवढं पुरतं. तिसरी ओळ दोन-दोन बारचे दोन तुकडे करून म प, म प अशी वर ढकला. चौथी ध वर नेऊन अर्धवट तोडा. तार सा ला हात लावू नका. कोरसला त्याचा मान राहू दे.

आणि कोरसच्या कॉर्डही हलवा. सी, डी, जी, ई मायनर, मग सी, डी, जी, जी. घर तिसऱ्या बारला येतं, पहिल्याच पावलावर नाही.

अर्धासूर

आज रात्री करून बघतो. दुसऱ्या व्हर्सचं काय करू?

पेटीमास्तर

अर्धा करा. १६ चे ८ बार. श्रोत्याला चाल माहीत झालेली आहे, त्याला दुसऱ्यांदा चाळीस सेकंद वाट बघायला लावू नका. पहिली ओळ आणि चढणारी ओळ ठेवा, मधल्या दोन काढा. पहिल्या कोरसनंतरचं ८ बारचं म्युझिकही ४ वर आणा.

मंदार_शिकागो

म्युझिक कमी करण्याला माझा विरोध नोंदवून ठेवा. आपल्या सिनेमाच्या गाण्यांत ब्रिज नसूनही पाच-पाच मिनिटं कंटाळा येत नाही तो मधल्या म्युझिकमुळे. पहिल्या अंतऱ्याआधी व्हायोलिन्स, दुसऱ्याआधी एकदम सतार किंवा बासरी, कधी ठेकाच वेगळा. तिकडे जे काम ब्रिज करतो तेच इकडे सेकंड म्युझिक करतं. याच्या बँडमध्ये सोलो वाजवणारा माणूस असेल तर ८ बार त्याला देऊन बघा, पण गाण्याची चाल वाजवायची नाही या अटीवर.

अर्धासूर

सोलो वाजवणारा मीच आहे, आणि आत्ता तिथे मी गाण्याचीच चाल वाजवतोय. कळलं.

अर्धासूर (तीन दिवसांनी)

रिपोर्ट. व्हर्स खाली आणला. मंद्र प वर आवाज उलट चांगला लागतोय, बोलल्यासारखा. टेबलावरची चाचणी आमच्या ड्रमरवर घेतली. आधीच्या व्हर्स-कोरसमध्ये तो गोंधळला, नव्यामध्ये लगेच ओळखलं. कोरस आता येतो तेव्हा खरंच आल्यासारखा वाटतो, आणि त्यात मी एक सूरही बदललेला नाही, फक्त कॉर्ड.

ब्रिजमध्ये एक अडचण आली. 'काय सांगू' डीवर संपतं आणि कोरस आता सीवर सुरू होतो. डी नंतर सी आलं की जिना उतरताना एक पायरी चुकल्यासारखं होतं. कान जी मागत असतो आणि मिळतो सी.

पेटीमास्तर

अगदी बरोबर पकडलंत. मागच्या दोन्ही कोरसला हे जाणवत नाही कारण तुमचं कॉर्डचं चक्र फिरत राहतं आणि डीवर कोणी थांबत नाही. ब्रिजमध्ये तुम्ही दोन बार डीवर थांबवून ठेवता.

मी तुमच्या जागी असतो तर डीचा दुसरा बार रिकामा सोडला असता. सगळी वाद्यं बंद, 'काय सांगू'चा सूर विरू द्यायचा. त्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांत पहिलं 'ये ना' एकट्या आवाजात, प सां. आणि समेवर सगळे एकदम, पण सी नाही, जी. म्हणजे ब्रिजनंतरच्या पहिल्या कोरसपुरते कॉर्ड बदला, जी, डी, ई मायनर, सी. तुमचंच जुनं चक्र. त्यानंतरचा शेवटचा कोरस पुन्हा सीवरून.

मंदार_शिकागो

इथे मी असहमत. सीच ठेवा. कानाला जी मिळाला नाही म्हणून जो धक्का बसतो तो या शब्दांना शोभतो. ती परत आलेलीच नाहीये ना? मग घर द्यायचं कशाला? जी कॉर्ड तिसऱ्या बारला येतेच आहे.

उडतीचाल

आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटचा कोरस अर्धा सूर चढवला तर कुणाच्या पोटात दुखतंय? तार सा च्या वर फक्त अर्धा. ब्रिजमध्ये रे काढून टाकल्यावर घसाही ताजा आहे याचा.

पेटीमास्तर

अर्ध्या सुराला माझी तक्रार नाही. गिटारवाल्याला जी वरून बारे कॉर्डवर जावं लागेल, खुल्या तारांचा नाद जाईल, तो कोरस पातळ वाटेल. ते चालत असेल तर चढवा. मंदारचं म्हणणंही वाजवून बघण्यासारखं आहे. दोन्ही रेकॉर्ड करा आणि ज्यांनी गाणं कधीच ऐकलं नाही अशांना ऐकवा. आम्हाला नको, आम्ही आता या गाण्याचे नातेवाईक झालो.

अर्धासूर

दोन्ही रेकॉर्ड केलेत. बँडमध्ये मतं फाटली आहेत. बासवाला मंदारच्या बाजूने, ड्रमर रिकाम्या बारच्या प्रेमात. चढवायचं अजून करून पाहिलेलं नाही. दुसरा व्हर्स ८ बारचा केला, तो मात्र सगळ्यांना मान्य.

रेवा_ओळी

मला नाही मान्य. कुठल्या दोन ओळी काढल्यास?

अर्धासूर

मधल्या. 'शेजारच्या काकू रोज जिन्यात थांबवतात, कधी येणार परत ती, डोळ्यांनीच विचारतात.'

रेवा_ओळी

मग ब्रिजमध्ये 'शेजारी विचारतात' कुठून उगवले? त्या दोन ओळी ऐकलेल्या असतील तरच ती तिसरी ओळ टोचते, नाहीतर शेजारी म्हणजे कोणीही. काढायच्या तर पहिली आणि चौथी काढ, काकू राहू देत.

अर्धासूर

पण चढणारी चाल चौथ्या ओळीला आहे.

रेवा_ओळी

मग काकूंना चढव. 'डोळ्यांनीच विचारतात' ध वर तोडून बघ, प्रश्नच आहे तो.

पेटीमास्तर

'विचारतात' ध वर तोडलं आणि ब्रिजमध्ये तोच शब्द सपाट म वर. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फक्त 'थांबवतात'ची अक्षरं जास्त आहेत, एक मात्रा सोडून सुरू केल्यावर दुसऱ्या बारमध्ये गर्दी होईल. 'रोज' काढलं तर?

रेवा_ओळी

'रोज' नाही काढायचा. 'शेजारच्या' काढा, 'खालच्या' घाला. 'खालच्या काकू रोज जिन्यात थांबवतात.'

अर्धासूर

बसतंय. पण मग ब्रिजमध्ये शेजारी कसे, काकू तर खालच्या मजल्यावरच्या झाल्या?